गर्दी आधीच कुठे उभी आहे? चार्टशेजारी पीसीआर आणि इंडिया व्हिक्स कसे वाचावेत

चार्टवर ब्रेकआउट दिसला की नवखा माणूस एकच प्रश्न विचारतो: घेऊ का? त्याच्याही आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. हा ब्रेकआउट होणार म्हणून किती लोकांनी आधीच पैसे लावून ठेवलेत? चार्ट याचं उत्तर देत नाही, कारण चार्टवर झालेले सौदे दिसतात, लोकांनी धरून ठेवलेली बाजू दिसत नाही. ती बाजू ऑप्शन बाजारात थोडीफार दिसते. पुट-कॉल रेशो, म्हणजे पीसीआर, सांगतो की गर्दी कोणत्या बाजूला झुकली आहे. इंडिया व्हिक्स सांगतो की ती किती मोठ्या हालचालीच्या धास्तीत आहे. दोन्ही आकडे फुकट मिळतात, आणि दोन्हींचा चुकीचा अर्थ लावणं अतिशय सोपं आहे.

हा लेख फक्त निफ्टीबद्दल आहे. एकेका शेअरच्या ऑप्शन्समध्ये सौदे इतके विरळ असतात की तिथला पीसीआर एखाद्या मोठ्या सौद्याने उलटा होतो. सुरुवातीला तिकडे जाऊच नका.

आधी चार्ट, तोही आकडे न बघता

क्रम महत्त्वाचा आहे. निफ्टीचा दैनंदिन चार्ट उघडा, गेल्या दोन-तीन महिन्यांतला आधार आणि अडथळा आखा आणि आज तुम्हाला काय सिग्नल दिसतो ते वहीत एका ओळीत लिहा. ‘२४,३०० च्या आधारावरून वळला, २४,५०० च्या वर बंद झाला तर खरेदी, स्टॉपलॉस २४,३८०.’ इतकं पुरे.

हे लिहून झाल्याशिवाय ऑप्शन चेनचं पान उघडायचं नाही. कारण सरळ आहे. आधी पीसीआर पाहिला की चार्टवर तेच दिसायला लागतं. १.३ दिसला की प्रत्येक हिरवी मेणबत्ती ‘मजबूत’ वाटते. आपला सिग्नल आधी कागदावर असला की मग हे दोन आकडे त्याची उलटतपासणी घेऊ शकतात. त्यांचं काम तेवढंच आहे, खरेदी-विक्रीचा सिग्नल देणं नाही.

पीसीआर काढणं सोपं, वाचणं अवघड

एनएसईच्या संकेतस्थळावर ऑप्शन चेनचं पान आहे. निफ्टी निवडा, एक्सपायरी, म्हणजे ऑप्शनची मुदत संपण्याची तारीख, निवडा. डावीकडे कॉल, उजवीकडे पुट, मधे स्ट्राइक, म्हणजे ज्या पातळीवर तो ऑप्शन ठरला आहे ती पातळी. पानाच्या तळाशी दोन्ही बाजूंच्या ओपन इंटरेस्टची बेरीज असते. ओपन इंटरेस्ट म्हणजे अजून मिटवलेले नाहीत असे सौदे.

```
PCR = Put OI / Call OI
```

समजा (आकडे उदाहरणापुरते) कॉलची बेरीज १२.४ लाख आणि पुटची ८.१ लाख. ८.१ भागिले १२.४, म्हणजे ०.६५. झाला पीसीआर. तुमचं ब्रोकरचं ॲप हा आकडा तयार देतं, पण पहिले पंधरा दिवस स्वतः काढा. ॲपमध्ये तो कधी ओपन इंटरेस्टवरून, कधी दिवसभराच्या उलाढालीवरून काढलेला असतो, कधी एकाच एक्सपायरीचा, कधी सगळ्यांचा मिळून. दोन मित्र एकाच मिनिटाला ‘पीसीआर किती?’ यावर भांडतात आणि दोघंही बरोबर असतात, हे मी पाहिलं आहे. आपण ओपन इंटरेस्टवरचा घेऊ. उलाढालीवरचा पीसीआर एक्सपायरीच्या दिवशी इतका उड्या मारतो की त्यातून नवख्याच्या हाती काही लागत नाही.

आता अवघड भाग. ०.६५ चांगला की वाईट?

शब्दशः पाहिलं तर पुट म्हणजे बाजार पडेल यावरची पैज, कॉल म्हणजे चढेल यावरची. मग कॉल जास्त असतील तर लोक तेजीत असले पाहिजेत. अमेरिकेतलं जुनं वाचन असंच आहे: तिथे बहुधा उलाढालीवरचा रेशो बघतात, पुटची खरेदी फार वाढली की लोक घाबरलेत असं समजतात आणि त्या घबराटीच्या उलट दिशेने विचार करतात. आपल्याकडे मात्र ‘पीसीआर वाढला, बाजार मजबूत’ असं उलटं ऐकू येतं. नवखा इथेच गोंधळतो.

गोंधळाचं मूळ असं की प्रत्येक ऑप्शनला एक घेणारा आणि एक विकणारा असतो. ओपन इंटरेस्ट दोघांना मिळून एकच मोजतो, त्यातला जोर कोणाचा हे सांगत नाही. अमेरिकी वाचन घेणाऱ्याच्या नजरेतून आहे, आपल्याकडचं विकणाऱ्याच्या, म्हणजे रायटरच्या. पुट लिहिणारा, म्हणजे विकणारा, त्याची किंमत म्हणून थोडा प्रीमियम खिशात घालून मोठा धोका अंगावर घेतो, त्याला मार्जिनही बरंच भरावं लागतं. बाजार फार पडणार नाही अशी खात्री असल्याशिवाय तो हे करत नाही. म्हणून आपल्याकडे पुटचा ओपन इंटरेस्ट वाढला की ‘खाली आधार बांधला जातोय’ असं म्हणतात. २४,३०० च्या पुटवर मोठा ढीग, २४,६०० च्या कॉलवर मोठा ढीग, म्हणजे रायटरांच्या मते बाजार या दोन भिंतींमध्ये राहील.

हे वाचन बऱ्याच अंशी चालतं, पण त्याला दोन छिद्रं आहेत. पहिलं म्हणजे सगळे पुट कोणी ना कोणी मत म्हणून घेतलेले नसतात. ज्याच्याकडे शेअर्सचा मोठा साठा आहे तो संरक्षण म्हणून पुट घेतो, त्यात मंदीचं मत नसतंच. दुसरं छिद्र मोठं आहे. पीसीआर बहुतेक वेळा भावाच्या मागे चालतो. बाजार चढला की पुट लिहिणारे वरच्या स्ट्राइकवर येतात, कॉल लिहिणारे गाशा गुंडाळतात, आणि रेशो वाढतो. पडला की याच्या उलट. तेव्हा ‘निफ्टी २०० अंक वर, पीसीआर ०.९ वरून १.२’ ही बातमी नाही, तीच बातमी दुसऱ्यांदा आहे. तुमच्या सिग्नलला तिने काही नवं बळ दिलेलं नाही.

मग उपयोग कशाचा? टोकाचा, आणि विसंगतीचा.

टोक म्हणजे एका बाजूला इतकी गर्दी की तिला मागे सरकायला जागा उरलेली नाही. वरच्या उदाहरणाकडे परत येऊ. निफ्टी काही दिवस पडत आला आहे, २४,३०० च्या आधारावर टेकला आहे, पीसीआर ०.६५. म्हणजे कॉल रायटरांनी दर उसळीवर कॉल लिहिलेत, २४,५०० आणि २४,६०० वर ढीग आहे. चार्टवर आधारावरून वळणारी मेणबत्ती दिसली आणि निफ्टी २४,५०० च्या वर बंद झाला, तर या रायटरांचं काय होईल? त्यांनी लिहिलेला कॉल आता महाग होतोय आणि तोटा वाढतोय. सुटायचं तर तोच कॉल परत विकत घ्यावा लागतो, नाहीतर निफ्टी फ्युचर घेऊन धोका झाकावा लागतो. दोन्हींनी बाजाराला वरच ढकललं जातं. याला शॉर्ट कव्हरिंग म्हणतात, आणि कमी पीसीआर हा त्याचा इंधनसाठा असतो. काडी मात्र चार्ट ओढतो. आधार तुटला तर हाच ०.६५ चा आकडा ०.५ होतो, आणि ‘इतका कमी आहे म्हणून घेतलं’ म्हणणारा हात चोळत बसतो.

हे खरंच घडतंय का हे चेनमधल्या ओपन इंटरेस्टमधल्या बदलाच्या रकान्यात दिसतं. भाव २४,५०० ओलांडताना त्या स्ट्राइकच्या कॉलचा ओपन इंटरेस्ट घटत असेल, तर रायटर पळताहेत, सिग्नलला जोर आहे. भाव वर जातोय आणि कॉलचा ओपन इंटरेस्ट वाढतोय, तर कोणीतरी अजूनही तिथे ठाम उभं राहून विकतंय. असा ब्रेकआउट मी दुसऱ्या दिवसाच्या बंद भावापर्यंत वहीतच ठेवतो. मला विचाराल तर पीसीआरच्या एका आकड्यापेक्षा हा रकाना जास्त बोलका आहे.

किती म्हणजे टोक?

‘०.७ च्या खाली खरेदी, १.३ च्या वर विक्री’ असे ठोकताळे सगळीकडे सापडतील. सुरुवातीच्या अंदाजाला ठीक आहेत, त्यापुढे नाहीत, कारण मोजपट्टीच बदलत असते. नोव्हेंबर २०२४ पासून सेबीने प्रत्येक एक्सचेंजला एकाच निर्देशांकाची साप्ताहिक एक्सपायरी ठेवायला लावली. बँक निफ्टीची साप्ताहिक एक्सपायरी गेली, निफ्टीची राहिली, आणि त्यातले काही खेळाडू इकडे आले. सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीची एक्सपायरी गुरुवारऐवजी मंगळवारी आली. अशा बदलांच्या आधीचं टोक नंतरही टोकच असेल असं धरता येत नाही.

म्हणून स्वतःची नोंद ठेवा. रोज बाजार बंद झाल्यावर एक्सेलमध्ये तारीख, निफ्टी, पीसीआर आणि व्हिक्स. पीसीआर C रकान्यात असेल आणि पहिल्या ओळीत शीर्षक असेल, तर २५० दिवसांची नोंद झाल्यावर हे सूत्र आजचा आकडा या वर्षभरात कुठे बसतो ते सांगेल:

```
=PERCENTRANK.INC(C2:C251,C251)
```

उत्तर ०.०५ आलं तर वर्षातल्या जवळपास ९५ टक्के दिवशी पीसीआर यापेक्षा जास्त होता. हे टोक. ०.४० किंवा ०.६० आलं तर त्या दिवशी पीसीआरला सांगण्यासारखं काही नाही, वही मिटा. बहुतेक दिवस असेच असतात.

एक सापळा मात्र आधीच सांगून ठेवतो, कारण त्यात मी पडलो आहे. २०१९ मध्ये निफ्टीचे साप्ताहिक ऑप्शन्स सुरू झाले, तेव्हा मी चालू आठवड्याचा पीसीआर पाहायचो. गुरुवारी संध्याकाळी १.४ च्या पुढे होता, शुक्रवारी सकाळी ०.८. एका रात्रीत गर्दी उलटली असं समजून मी पुट घेतले. गर्दी कुठेही गेली नव्हती. गुरुवारी जुनी एक्सपायरी संपली होती आणि मी शुक्रवारी नव्या, अर्ध्या रिकाम्या पाटीवरचे आकडे वाचत होतो. निफ्टी दिवसभर जागचा हलला नाही आणि माझा प्रीमियम वितळून गेला. आता मंगळवारी एक्सपायरी असल्यामुळे हाच घोळ बुधवारी सकाळी होतो. उपाय म्हणून चालू महिन्याच्या एक्सपायरीचा पीसीआर वेगळा नोंदवा, आणि तोही महिनाअखेरच्या एक्सपायरीच्या आठवड्यात पुढच्या महिन्यावर सरकवा. सरकवल्याच्या दिवसावर खूण करून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी नोंद पाहताना ती उडी खरी वाटेल.

व्हिक्स: दिशा नाही, अंतर

इंडिया व्हिक्स एनएसईने २००८ मध्ये सुरू केला, अमेरिकेतल्या सीबीओई या एक्सचेंजच्या पद्धतीवर. निफ्टीच्या जवळच्या आणि पुढच्या महिन्याच्या ऑप्शन्सना बाजारात काय बोली लागली आहे, त्यावरून तो मोजला जातो. ऑप्शनचा प्रीमियम हा एका अर्थाने विम्याचा हप्ता. लोकांना मोठी हालचाल अपेक्षित असली की हप्ता महागतो आणि व्हिक्स वाढतो. येत्या ३० दिवसांत निफ्टी किती हलेल याची बाजाराची अपेक्षा तो वार्षिक टक्क्यांत सांगतो.

‘वार्षिक’ या शब्दाने घाबरू नका. रोजच्या वापरासाठी त्याला १६ ने भागा. वर्षात कामकाजाचे दिवस साधारण २५२, त्याचं वर्गमूळ १५.९, म्हणून १६. व्हिक्स १३ असेल तर १३ भागिले १६, म्हणजे दिवसाला ०.८ टक्के. निफ्टी २४,५०० वर असताना हे सुमारे २०० अंक झाले. तीनपैकी साधारण दोन दिवस बंद भाव कालच्यापासून याच्या आत राहील, वर किंवा खाली, असा त्याचा अर्थ. कोणत्या बाजूला, हे व्हिक्स सांगत नाही. तो सहसा बाजार पडताना उसळतो, कारण तेव्हा सगळे एकदम विमा मागतात, म्हणून त्याला ‘भीतीचा निर्देशांक’ म्हणतात. पण ते नाव दिशाभूल करणारं आहे, हे पुढच्या उदाहरणात दिसेलच.

नवख्यासाठी व्हिक्सचा सगळ्यात रोकडा उपयोग स्टॉपलॉसला आहे. वहीतली ओळ आठवा: खरेदी २४,५०० च्या वर, स्टॉपलॉस २४,३८०, म्हणजे १२० अंक. व्हिक्स १३ असताना दिवसाची साधी चालच २०० अंकांची आहे, तेव्हा १२० अंकांचा स्टॉपलॉस सिग्नल चुकला नाही तरी उडू शकतो. व्हिक्स २१ झाला तर ही चाल ३२० अंकांच्या आसपास जाते. मग तो स्टॉपलॉस जवळजवळ उडणारच. मी अशा वेळी स्टॉपलॉस आधाराच्या खाली, २४,३०० च्या पलीकडे नेतो आणि त्या प्रमाणात माल कमी घेतो, म्हणजे तोट्याची रक्कम तेवढीच राहते. कमी माल घेणं पटत नसेल तर तो सौदा सोडून देतो.

टोकांबद्दल इथेही तोच इशारा, जास्त जोरात. मार्च २०२० आठवा. १२ मार्चला निफ्टी ९,५९० वर बंद झाला, व्हिक्स चाळिशी ओलांडून गेला होता. गेल्या कित्येक वर्षांत तो इतका वर गेलेला नव्हता. ‘टोकाची भीती म्हणजे खरेदी’ हा नियम पाळणाऱ्याने त्या संध्याकाळी खरेदी केली असती. २३ मार्चला निफ्टी एका दिवसात सुमारे १३ टक्के पडून ७,६१० वर बंद झाला, आणि २४ मार्चला व्हिक्स ८० च्याही वर गेला. टोकाला छत नसतं. त्याच २४ मार्चला निफ्टीने ७,५११ चा तळ केला आणि तिथून वळला. त्यानंतर व्हिक्स उतरू लागला, चार्टवर तळ वर सरकू लागले. या दोन गोष्टी एकत्र दिसेपर्यंत थांबलेल्याला तळाचा भाव मिळाला नाही, पण ९,५९० वर घेऊन दोन हजार अंकांची घसरणही पाहावी लागली नाही. तेव्हा व्हिक्स वाढलेला असणं हा सिग्नल नाही. वाढून मग वळणं, आणि त्याच वेळी चार्टने साथ देणं, इथे थोडं वजन आहे.

खालच्या टोकाचं तर आणखी वाईट. ‘व्हिक्स खूप कमी, लोक गाफील, आता पडणार’ हे वाक्य २०१७ मध्ये वर्षभर म्हणता आलं असतं. त्या वर्षी व्हिक्स बहुतेक काळ तळाशी पडून होता आणि निफ्टी २८ टक्क्यांहून जास्त चढला. कमी व्हिक्स महिनोन् महिने टिकतो. मी त्यावरून विक्री कधीच ठरवत नाही. संरक्षणाचे पुट स्वस्त मिळताहेत एवढाच अर्थ घेतो.

आणि कधी कधी मापकच हलतो. २३ एप्रिल २०२४ ला व्हिक्स एका दिवसात सुमारे २० टक्के घसरून १०.२ वर आला, आणि निफ्टी त्या दिवशी जेमतेम ३० अंक हलला होता. असं काही दिसलं की निष्कर्ष काढू नका, दोन-तीन दिवसांचे बंद आकडे येऊ द्या. सकाळी सव्वानऊचा व्हिक्स तर पाहूच नये, तेव्हा बोलींमधलं अंतर मोठं असतं.

जून २०२४: तीन दिवस सावकाश

आता हे सगळं एका खऱ्या प्रसंगावर लावून पाहू. लोकसभेचा निकाल ४ जून २०२४ ला होता. एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात १०-११ वर असलेला व्हिक्स मे महिनाभर चढत गेला आणि ३१ मे रोजी २४.६ वर पोचला. गंमत अशी की त्याच मे महिन्यात निफ्टीने नवे उच्चांकही केले, पहिल्यांदा २३,००० ओलांडला. भाव उच्चांकाजवळ आणि ‘भीतीचा निर्देशांक’ दुपटीहून जास्त. इथेच विसंगती दिसायला हवी. लोक विकत नव्हते, पण विमा घेत होते. एका ठरलेल्या तारखेला मोठं काहीतरी होणार आणि दिशा माहीत नाही, एवढंच व्हिक्स म्हणत होता.

१ जूनच्या संध्याकाळी एक्झिट पोल आले. सोमवारी ३ जूनला निफ्टी मोठी फट सोडून वर उघडला आणि ७३३ अंक वाढून २३,२६३.९० वर बंद झाला. २३,१०० च्या आसपासचा आधीचा उच्चांक मोडून नवा विक्रम. चार्टवाल्याच्या दृष्टीने याहून स्वच्छ ब्रेकआउट नाही. व्हिक्स उतरला, पण २०.९ पर्यंतच. एप्रिलच्या दुप्पट पातळी कायम होती.

१६ चा नियम लावला तर २०.९ म्हणजे दिवसाला १.३ टक्के. धोका वाढलेला आहे पण भयंकर नाही असं वाटेल. इथेच तो नियम फसवतो, कारण व्हिक्स ३० दिवसांची सरासरी आहे आणि त्यातला एकच दिवस निकालाचा होता. त्या एका दिवसाच्या वाट्याला किती येतं ते वेगळं काढावं लागतं. अस्थिरतेची थेट बेरीज-वजाबाकी होत नाही, तिच्या वर्गाची होते. म्हणून २०.९४ चा वर्ग, सुमारे ४३८. ३० दिवस म्हणजे वर्षाचा बारावा भाग, तेव्हा ४३८ भागिले १२, ३६.५. निवडणूक नसती तर व्हिक्स १४ असता असं धरू (माझा अंदाज, तुम्ही १३ धरा, फार फरक पडत नाही). १४ चा वर्ग १९६, कामकाजाच्या एका दिवसाला १९६ भागिले २५२, म्हणजे ०.७८, असे साधे २० दिवस म्हणजे १५.६. ३६.५ मधून १५.६ वजा करा, उरले २०.९. हे सगळं निकालाच्या एका दिवसाचं. त्याचं वर्गमूळ ४.६.

म्हणजे ३ जूनच्या संध्याकाळी, विक्रमी ब्रेकआउटवर सगळे खूश असताना, ऑप्शन बाजार दुसऱ्या दिवशी साधारण ४.६ टक्के, सुमारे १,०७० अंकांची हालचाल धरून बसला होता. वर की खाली, ते नाही. पण ज्याने २३,२६४ च्या आसपास खरेदी करून १५०-२०० अंकांचा स्टॉपलॉस लावला होता, त्याचा स्टॉपलॉस त्या रात्री कागदावरच होता. दुसऱ्या दिवसाची अपेक्षित चाल त्याच्या पाच ते सात पट होती.

४ जूनला निफ्टी १,३७९ अंक, म्हणजे ५.९ टक्के पडून २१,८८४.५० वर बंद झाला. अपेक्षित चालीच्या सुमारे १.३ पट. वाईट दिवस, पण ऑप्शनच्या भावात न बसणारा नव्हता. दिवसभरात व्हिक्स ३१ च्या पुढे जाऊन २६.७ वर बंद झाला. त्याच दुपारी घाबरून पुट घेणारे बरेच होते. ५ जूनला निफ्टी ७३६ अंक वर आला आणि व्हिक्स सुमारे २९ टक्के उतरून १९ च्या खाली गेला. पुटवाल्याला दोन्हीकडून मार बसला: भाव उलटा गेला, आणि तारीख उलटून गेल्यामुळे विम्याचा हप्ताही कोसळला. अगदी दिशा बरोबर असूनही या हप्त्याच्या घसरणीत पैसे जाऊ शकतात. अर्थसंकल्प, रिझर्व्ह बँकेचं धोरण, निवडणूक निकाल, यांच्या आदल्या दिवशी ऑप्शन घेणाऱ्या नवख्यांना हेच बाधतं. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत फ्युचर-ऑप्शनमधल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्क्यांनी तीन आर्थिक वर्षांत मिळून तोटा केल्याचं दिसलं होतं. त्याची कारणं अनेक असणार, पण महाग हप्ता भरून घेतलेला ऑप्शन त्यांपैकी एक असावा, असं माझं मत आहे.

या प्रसंगात पीसीआर मुद्दामच आणला नाही. इतक्या मोठ्या ठरलेल्या तारखेच्या तोंडावर ऑप्शन चेनमध्ये संरक्षणाचे, दोन्ही बाजूंचे आणि एकमेकांना झाकणारे सौदे इतके मिसळलेले असतात की पुट आणि कॉलच्या बेरजेतून गर्दीची बाजू वाचणं मला जमत नाही. अशा आठवड्यात मी वहीत पीसीआरच्या रकान्यात आकडा लिहितो, पण त्यापुढे फुली मारतो.

शुक्रवारी ७ जूनला निफ्टी २३,२९० वर बंद झाला. म्हणजे सोमवारच्याच भावाला, किंचित वर, बंद भावाचा पुन्हा नवा उच्चांक. चार्टवर ३ जून आणि ७ जून या दोन मेणबत्त्या जवळजवळ एकाच उंचीवर बंद झालेल्या दिसतात. व्हिक्स मात्र सोमवारी २१ होता आणि पुढे ठरलेली तारीख उभी होती, शुक्रवारी तो १७ च्या आसपास होता आणि तारीख मागे पडली होती. सोमवारी दुसऱ्या दिवसाची अपेक्षित चाल हजार अंकांच्या पुढे, शुक्रवारी १६ चा साधा नियम लावून २५० अंकांच्या आसपास. माझ्या त्या आठवड्याच्या वहीत सोमवारपुढे ‘ब्रेकआउट, माल शून्य’ आणि शुक्रवारपुढे ‘ब्रेकआउट, अर्धा माल, स्टॉपलॉस ३०० अंक’ असं लिहिलेलं आहे.